मदत हवी आहे: ऑफरचा हिशोब आणि बिल जुळत नाही (सोलापूर)

नवीपेठ_राहुल:
मंडळी, लवकर सांगा, दुकानात परत जायचंय. पाम्प्लेटवर ४०% + २०% सूट आणि शर्टांवर एकावर एक फ्री. माझ्या हिशोबाने २,२९९ व्हायला हवे होते, घेतले २,५८२. काउंटरवरचा पोरगा म्हणतो सिस्टिम बरोबर आहे. २८३ रुपये कुठे गेले?

बाळीवेसकर:
काय घेतलं, किती किमतीचं, ते सांगा की मालक. नुसत्या एकूण रकमेवरून कोण काय सांगणार?

नवीपेठ_राहुल:
कुर्ता २,०००. साठ टक्के सूट, म्हणजे ८००. शर्ट दोन, १,४९९ आणि ९९९. महागाचे पैसे द्यायचे, दुसरा फ्री. बेरीज २,२९९. यात काय अवघड आहे?

विजया_ताई:
साठ टक्के नाही होत. आधी ४० टक्के जातात, २,००० चे १,२०० राहतात. पुढचे २० टक्के या १,२०० वर, म्हणजे २४० कमी. कुर्ता ९६० ला. ४०+२० म्हणजे ५२ टक्केच. दुकानदार बरोबर आहे, विषय संपला.

नवीपेठ_राहुल:
मग साठ वाटावेत असं का छापतात? आणि तरी १६० च झाले. उरलेले १२३?

शेळगीचा_संतोष:
माझंही असंच झालं. किराण्याच्या मोठ्या दुकानात पावडरीवर एक फ्री होतं, घरी येऊन बघतो तर पाकीटच लहान केलेलं. मी तर म्हणतो कपडे घ्यायचेच नाहीत ऑफरमध्ये. टॉवेल-चादर हवी असेल तर सरळ अक्कलकोट रोडला एमआयडीसीत जा.

बाळीवेसकर:
संतोषभाऊ, त्यांना टॉवेल नकोय. राहुल, बिलात जीएसटीची ओळ कशी आहे? करपात्र रक्कम किती लिहिलीय?

नवीपेठ_राहुल:
करपात्र २,४५९. सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळून १२२.९५. पुढे राउंड ऑफ.

बाळीवेसकर:
सापडलं. ९६० आणि १,४९९ मिळून २,४५९. त्यावर ५ टक्के कर वरून लावलाय. टॅगवरची किंमत 'सर्व करांसह' असेल तर कर त्या २,४५९ च्या आतच असायला हवा होता. तसं असतं तर करपात्र रक्कम सुमारे २,३४१.९० आणि कर ११७.१० दिसला असता, एकूण तेच २,४५९. सवलतीनंतरची किंमत करपात्र खान्यात जशीच्या तशी दिसली, की समजायचं कर वरून घेतलाय.

विजया_ताई:
पण पाम्प्लेटवर 'कर वेगळा' छापलं असेल तर घेता येतो. माझ्या भाच्याच्या दुकानात तसंच करतात.

बाळीवेसकर:
ताई, करांसह छापलेली एमआरपी असेल तर तसं छापूनही भागत नाही. सवलतीच्या किमतीवर वरून व्हॅट लावल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिलाय. टॅगवर एमआरपी नसून दुकानाचा साधा भाव असेल, तर मात्र वाद होऊ शकतो. म्हणून आधी टॅग बघा.

विजया_ताई:
तेव्हाचं व्हॅटचं, आताचं जीएसटीचं. एकच कसं म्हणता?

बाळीवेसकर:
एमआरपीत कर धरलेलाच असतो, कराचं नाव बदलून तो बाहेर येत नाही. असो. राहुल, शर्टांना ४०+२० लागू होतं का? पाम्प्लेटच्या तळाशी काय लिहिलंय?

नवीपेठ_राहुल:
वर 'सर्व कपड्यांवर ४०% + २०%'. खाली बारीक अक्षरात 'दोन ऑफर एकत्र मिळणार नाहीत'.

बाळीवेसकर:
मग कुर्त्यापेक्षा शर्टांचं बघा. दोन्ही शर्ट २,४९८ चे, तुम्ही दिले १,४९९, म्हणजे सूट ४० टक्के. ५२ टक्क्यांनी घेतले असते तर १,१९९. तीनशे रुपये कमी. एकावर एक फ्रीमध्ये दोन्ही वस्तू एकाच किमतीच्या असल्या तरी ५० च्या वर सूट जातच नाही, आणि किमतीत जितका फरक तितकी ती कमी. एकत्र मिळणार नाहीत एवढंच छापलंय, कोणती घ्यायची ते ग्राहकाने ठरवायचं, असं मी तरी त्यांना विचारेन.

विजया_ताई:
बिल झाल्यावर कोण ऑफर बदलून देतं! फ्रीच्या शर्टांवर ती ऑफर आधीच ठरलेली असते.

बाळीवेसकर:
'निवडक शर्ट वगळून' असं कुठे छापलंय, ते दाखवा म्हणावं.

नवीपेठ_राहुल:
शर्टांच्या टॅगवर 'एमआरपी, सर्व करांसह' आहे, आत्ता पाहिलं. कुर्त्याचा टॅग बायकोने टाकून दिलाय.

बाळीवेसकर:
शर्टांच्या १,४९९ वरचे ७५ रुपये तरी मागाच. कुर्त्यासाठी दुकानात त्याच मालाचा दुसरा नग असेल, त्याच्या टॅगचा फोटो काढा. नाही ऐकलं तर बिल, पाम्प्लेट आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. पाम्प्लेट फेकू नका.

शेळगीचा_संतोष:
कुर्ता कोणत्या कापडाचा होता? २,००० जास्त नाहीत का?