हाफ रेंज श्रेणी: साइन घ्यावी की कोसाइन, हे कोणी ठरवायचे?

दुसरे_वर्ष_यंत्र: f(x) = x हे फलन फक्त 0 ते π या अंतरावर दिले आहे आणि “हाफ रेंज श्रेणी काढा” एवढेच म्हटले आहे. साइन की कोसाइन, याचा उल्लेख नाही. आमचे सर म्हणतात की अशा वेळी डोळे मिटून कोसाइन घ्यावी. हे बरोबर आहे का?

कोयनाकाठ: सरांचे म्हणणे मला पटते. सम विस्तार केला की 0 पाशी आलेख आरशातल्यासारखा उलटतो आणि कोठेही तुटत नाही; विषम विस्तारात मात्र x = π पाशी तो π वरून एकदम −π वर कोसळतो. दोन्ही श्रेणी शेजारी मांडून पाहा.

```
x = 2[sin x − sin 2x/2 + sin 3x/3 − …]
x = π/2 − (4/π)[cos x + cos 3x/9 + cos 5x/25 + …]
```

कोसाइनची पाच पदे घेतली की सर्वांत मोठी चूक टोकांपाशी येते आणि ती साधारण 0.063 असते. साइन श्रेणीत x = π घातले की प्रत्येक पद शून्य होते, म्हणजे पदे हजार घेतली तरी उत्तर 0 आणि खरी किंमत 3.14. त्या टोकाच्या जरा अलीकडे श्रेणी खऱ्या किमतीच्या वर सुमारे 0.56 ने उसळी मारते. पदे वाढवल्यावर ती उसळी टोकाकडे सरकते, पण तिची उंची कमी होत नाही. मग साइन घ्यायचीच कशाला?

निवृत्त_गणित: कोयनाकाठ, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला नियम एका उदाहरणापुरताच खरा आहे. f(x) = x(π − x) घ्या आणि तोच हिशेब करा.

```
साइन:    (8/π)[sin x + sin 3x/27 + sin 5x/125 + …]
कोसाइन:  π²/6 − [cos 2x + cos 4x/4 + cos 6x/9 + …]
```

साइनची पहिली दोन पदे घेतली तर मध्यावर 2.452 मिळतात आणि खरी किंमत 2.467 आहे. कोसाइनमध्ये स्थिरपद धरून आणखी दोन पदे घेतली, तरी x = 0 पाशी 0.39 उरतात, जेथे शून्य यायला हवे. पारडे उलटले ते का, हे पाहण्यासाठी श्रेणीपेक्षा टोके न्याहाळावीत. फलनाची किंमत टोकाला शून्य नसेल तर विषम विस्तार तेथे तुटतो आणि सहगुणक 1/n च्या गतीने रेंगाळतात. सम विस्तार कधी तुटत नाही, पण टोकाला उतार शून्य नसेल तर तेथे कोपरा पडतो, म्हणून 1/n². आणि किंमत दोन्ही टोकांना शून्य असेल तर विषम विस्तारात उतारही जुळतो, फक्त वक्रतेत उडी राहते, म्हणून 1/n³. तेव्हा डोळे मिटण्याऐवजी उघडावेत आणि दोन टोकांच्या किमती वाचाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

पेपर_राहिला: माझेही असेच झाले होते. f(x) = x साठीच मी आवर्तन π धरून π/2 − [sin 2x + sin 4x/2 + sin 6x/3 + …] असे उत्तर लिहिले, ते 0 ते π मध्ये अगदी बरोबर येते, तरीही गुण शून्य. तिन्ही श्रेणी आत सारख्याच असतील तर निवडीचा हा वाद मुळात पोकळ आहे, असे मला वाटते.

निवृत्त_गणित: तुमची श्रेणी खरी आहे, पण ती हाफ रेंज नाही. तुम्ही 0 ते π हे अंतरच पूर्ण आवर्तन मानले, म्हणजे विस्तार सम नाही आणि विषमही नाही. दिलेला तुकडाच पुढे पुढे चिकटवला. गुण गेले ते त्यामुळे. अर्थात एखादा मऊ परीक्षक असता तर निम्मे दिले असते.

आणि आत सारख्या असणे म्हणजे सर्व कामांना सारख्या असणे नव्हे. x ची कोसाइन श्रेणी पदवार अवकलित केली तर (4/π)[sin x + sin 3x/3 + …] येते आणि तिची बेरीज आतल्या प्रत्येक बिंदूला 1 होते. साइन श्रेणीचे तेच केले की 2[cos x − cos 2x + cos 3x − …] उरते, ज्याची पदे लहानच होत नाहीत. आतल्या आत एक श्रेणी अवकलन सोसते आणि दुसरी सोसत नाही.

तापमापक: मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. π लांबीची सळई घ्या, सुरुवातीचे तापमान f(x) = x, आणि एकके अशी की समीकरण u_t = u_xx होईल. दोन्ही टोके बर्फात असतील तर साइनच घ्यावी लागते. ती हळू अभिसरते, टोकाला उसळते, तरीही. कारण प्रत्येक पदाला e^(−n²t) हा गुणक लागतो आणि t = 1 पर्यंत तिसऱ्या पदाचा गुणक 0.00012 इतका उरतो, म्हणजे ती उसळी काही क्षणांचीच. उलट दोन्ही टोके उष्णतारोधक असतील तर कोसाइन, आणि शेवटी सळईभर π/2 हे सरासरी तापमान टिकते. अशा सळईसाठी कोणी साइन वापरली तर उत्तर हळूहळू 0 कडे जाईल. उष्णतेला बाहेर पडायला वाट नसताना ती नाहीशी झाली, असे कागद सांगेल. ही चूक पदे वाढवून सुधारत नाही. म्हणून निवड फलनावरून करायची नाही, टोकांच्या अटींवरून करायची.

कोयनाकाठ: पण विचारणाऱ्याने सळईचा उल्लेख केलेलाच नाही. नुसते फलन दिले असताना अटी कोठून आणायच्या? आणि डावे टोक बर्फात व उजवे बंद असेल, तर तुमचा नियम काय सांगतो?

तापमापक: मग दोन्ही सोडून sin(x/2), sin(3x/2), sin(5x/2) घ्यायचे, जे डाव्या टोकाला शून्य होतात आणि उजवीकडे सपाट राहतात. फलन आधी π पाशी आरशाने उलटवले जाते, मग 0 पाशी विषम केले जाते.

```
x = (8/π)[sin(x/2) − sin(3x/2)/9 + sin(5x/2)/25 − …]
```

गंमत पाहा, f(x) = x साठी यातही 1/n² चीच गती मिळते, कारण डावीकडे किंमत शून्यच आहे.

चित्रदाब: माझे काम व्हिडिओ आकुंचनाचे आहे, म्हणून हे वाचून राहवले नाही. जेपेगमध्ये 8×8 चौकटींवर कोसाइन रूपांतर चालते, कारण चौकटीच्या कडेला प्रकाशाची किंमत शून्य असेल असे मानायला काहीच आधार नसतो. पण एचईव्हीसी या व्हिडिओ मानकात शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाज केल्यावर जी चूक उरते, ती त्या शेजाऱ्याजवळ कमी आणि दूर जाताना जास्त असते. म्हणून तेथे प्रकाशतीव्रतेच्या 4×4 चौकटींसाठी साइनचा जो प्रकार वापरतात तो एका कडेला शून्य आणि दुसरीकडे सपाट आहे. तापमापकांची तिसरी श्रेणी ती हीच. येथे सळई नाही, सीमा अट कोणी दिलेली नाही, तरी टोकांचे वागणे ठाऊक आहे.

कोयनाकाठ: मग “टोकांकडे पाहा” एवढे मी मान्य करतो, पण नियम म्हणून कोसाइनच सुरक्षित, हे सोडत नाही. टोकांबद्दल काहीच ठाऊक नसेल तर सम विस्तारात निदान तुटणे नसते.

निवृत्त_गणित: त्यावर एक तोड आहे. दोन टोकांच्या किमती जोडणारी सरळ रेषा वजा करा आणि उरलेल्याची साइन श्रेणी काढा. सुरळीत फलनासाठी 1/n³ मिळेल.

तापमापक: आणि रोधक टोकांच्या सळईत ती रेषा कोठे ठेवाल? तिला उतार आहे.

दुसरे_वर्ष_यंत्र: सर्वांचे आभार. उत्तरपत्रिकेत मी सम विस्तार घेतल्याचे एका वाक्यात लिहून कोसाइन देणार आहे. वजा केलेल्या रेषेसह लिहिलेले उत्तर हाफ रेंज मानले जाईल का, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

निवृत्त_गणित: मी तपासत असतो तर मानले असते. दुसऱ्याची हमी देत नाही.