शब्दचर्चा: सेरेब्रल पाल्सी 'वाढत नाही' म्हणजे काय?

फिजिओताई (नागपूर): लहान मुलांना फिजिओथेरपी देते. परवा एका आईला सेरेब्रल पाल्सी समजावताना म्हटलं, "हे वाढत नाही." तिचा चेहराच उतरला. "म्हंजे माहा पोट्टा वाढनारच नाई का?" चूक माझीच, पण मग कोणता शब्द वापरू?

शब्दवेडा: सरकारी कागदांवर 'मेंदूचा पक्षाघात' असतं. अर्थ नेमका आहे, तोच वापरा.

धरमपेठकर: आमच्या सासऱ्यांना लकवा मारला होता, सहा महिन्यांत चालू लागले. तेलमालिश करून पाहा.

फिजिओताई: बघा, पक्षाघात म्हटलं की लोक इथेच येतात. काल मारला, उद्या उतरेल! सासऱ्यांचा मेंदू आयुष्यभर चाललेला होता. या बाळाच्या मेंदूला घडतानाच इजा झाली. आठव्या महिन्यात जन्मला, वजन सव्वा किलो. पाय कडक राहतात, चवड्यांवर चालतो.

शब्दवेडा: मग 'मेंदूची इजा' म्हणा.

सीपीची आई: नको हो. आमच्या घरी 'इजा' ऐकताच सासूबाईंनी विचारलं, "कोणी पाडलं?" वर्षभर माझ्याकडे संशयानं बघत होत्या. मला 'वण' पटला. जुना वण पसरत नाही, पण जातही नाही.

शब्दवेडा: सुंदर! म्हणजे एकदा सांगितलं की पुढे काही बिघडणार नाही, आईबाप निश्चिंत.

फिजिओताई: इथेच घोळ होतो. वण तेवढाच राहतो, शरीर मात्र वाढतं. हाच मुलगा तिसऱ्या वर्षी हळू उभा केला की टाच टेकायचा. आता सात वर्षांचा आहे. गुडघा सरळ ठेवून पाऊल हातानं वर दाबलं, तरी काटकोनापर्यंत येत नाही. मेंदूत नवीन काही झालेलं नाही. हाड लांबलं, पोटरीचा कडक स्नायू मागे पडला. आईला वाटतं आजार वाढला. म्हणून तर रोजचं ताणणं आणि स्प्लिंट असतात.

सीपीची आई: आणि खरंच काही गेलं तर? माझी बसायची, मग तापात आठ दिवस बसेना.

फिजिओताई: तापानंतर परत बसली ना? मग ठीक. पण येत असलेलं बसणं, बोलणं हळूहळू जात राहिलं, तर 'वाढत नाही' या शब्दावर विसंबू नका. ती कदाचित सेरेब्रल पाल्सी नसेलच, मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवं.

शब्दवेडा: मग 'वाढत नाही'ऐवजी 'पसरत नाही'?

फिजिओताई: तेही सांगून पाहिलं. एका बाबांनी विचारलं, "म्हणजे दुसऱ्या पोराला लागत नाही ना?"

धरमपेठकर: तेल कोणतं ते विचारून सांगतो.