85 हजार स्टायपेंड, मग रडगाणं कशाला?

फाउंड्रीवाला: माझा आतेभाऊ सरकारी कॉलेजात सर्जरीत एमएस करतोय, दुसरं वर्ष. महिन्याला 85 हजारांच्या आसपास हातात पडतात. 2024 च्या फेब्रुवारीत 10 हजार वाढले, तरी दर वेळी संपाची भाषा. मी त्याच्याच वयाचा, शिरोलीत फाउंड्रीला पाच वर्षं झाली, 45 हजार. शिकताना एवढे पैसे कुणाला मिळतात? आणि वर बाँडचं रडगाणं. माझं काय चुकतंय?

विद्यापीठ_रोड: काहीच चुकत नाही. मी पीएचडी करतोय, जेआरएफ फेलोशिप 37 हजार, तीसुद्धा कधी चार महिन्यांची एकदम येते. आमच्यासाठी रस्त्यावर कोण उतरतं?

नाईट_ड्युटी: मी रेडिओलॉजीत एमडी केलं, बाँडही पुरा केला. भावा, आतेभावाला त्याचे तास विचार. सर्जरीत आठवड्याला 90 तास सहज होतात. म्हणजे महिन्याला 390, तासाला साधारण 218 रुपये. तुझे 48 तासांच्या आठवड्याने महिन्याला 208 होतात, म्हणजे 216 रुपये. दोघं एकाच भावाने राबताय. फरक एवढाच की तुला 22 व्या वर्षी पगार सुरू झाला, त्याला इंटर्नशिप आणि नीट पीजीची तयारी उरकून 25 व्या वर्षी.

विद्यापीठ_रोड: लॅबमध्ये आम्हीही रात्री काढतो. ते तास कोण मोजतं?

नाईट_ड्युटी: कुणीच नाही, ते मान्य. तुमची फेलोशिप कमी आहे म्हणून आमचा स्टायपेंड जास्त ठरत नाही, एवढंच म्हणणं आहे.

पंचगंगा_घाट: बाँड म्हणजे काय, सीट सोडली तर 50 लाख भरायचे. सोडायचीच नाही, प्रश्न मिटला!

नाईट_ड्युटी: दोन गोष्टींची मिसळ केलीस. सीट मध्येच सोडली तर होणारा दंड वेगळा; तो बंद करा असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, 2024 च्या जानेवारीत राज्यांना लिहिलं होतं. 50 लाखांचा बाँड पास झाल्यावरचा आहे. एक वर्ष सरकारी सेवा द्या, नाहीतर पैसे भरा.

फाउंड्रीवाला: मग एका वर्षाने काय बिघडतं? त्या वर्षी फुकट थोडंच राबवतात?

नाईट_ड्युटी: फुकट नाही, पण कुणाचं किती जातं ते शाखेवर आहे. माझंच सांगतो. पास झालो तेव्हा राजारामपुरीतल्या एका सेंटरची महिना अडीच लाखांची बोलणी झाली होती. बाँडवर सीनियर रेसिडेंट म्हणून हातात साधारण लाखभर. दीड लाखाचा फरक, बारा महिन्यांचे 18 लाख. शिवाय नेमणुकीची ऑर्डर यायला तीन महिने गेले. वर्ष रुजू झाल्या दिवसापासून मोजतात, वाट बघितलेले दिवस कुणी धरत नाही. आणि तीन महिन्यांसाठी कुठलंही हॉस्पिटल धड नोकरी देत नाही.

माझ्याच बॅचची एक मैत्रीण, पीएसएममधली, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या शाखेतली. बाहेर तिला 80 हजारांवर कुणी बोलत नव्हतं. बाँडमध्ये तिला उलट जास्त मिळाले. वर सीनियर रेसिडेन्सीचं ते वर्ष असिस्टंट प्रोफेसर व्हायला लागतंच. तिला बाँड म्हणजे आयती नोकरी.

आता गंमत बघ. स्टायपेंड सगळ्या शाखांना सारखाच, सर्जरीवाल्याचे तास दुप्पट असले तरी. दंडही सगळ्यांना सारखाच 50 लाख. 18 लाख वाचवायला 50 लाख कोण भरेल? म्हणून बाँड मोडणं परवडत नाही. माझ्या मते दंडाचा आकडा वसुलीसाठी नाहीच, कुंपण म्हणून आहे.

सौ_ताराबाई_पार्क: माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही 50 लाख भरावे लागतील का? आमच्या घरी कालपासून कुणाला झोप नाही.

नाईट_ड्युटी: नाही काकू. एमबीबीएसच्या बाँडचा दंड 10 लाख आहे, आणि तोही वर्षभराची सेवा केली नाही तरच. निवांत झोपा.

खासगीतला_रेसिडेंट: तुम्ही 85 हजारांवर भांडताय. एनएमसीच्या 2023 च्या नियमात खासगी कॉलेजनेही सरकारीइतकाच स्टायपेंड द्यावा असं आहे. आमच्याकडे खात्यावर पूर्ण जमा होतो, दोन दिवसांनी ऑफिसात रोख परत मागतात. पासबुक बघितलं तर सगळं झकास. मला सेवेचा बाँड नाही, पण वर्षाची फी ऐकलीत तर बाँड बरा म्हणाल.

पंचगंगा_घाट: मग सरकारी सीटवाल्यांनी गप्प एक वर्ष गावाकडे जावं की. आमच्या करांवर शिकलात. आमच्या तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियनला बाई कोल्हापूरला आणावी लागते.

नाईट_ड्युटी: यावर माझ्याकडे उत्तर नाही, मुद्दा खरा आहे. फक्त मला मिळालं ते गाव नव्हतं, दुसरं मेडिकल कॉलेजच होतं. तिथं आधीच चार सीनियर होते.

फाउंड्रीवाला: तासांचं पटलं. आतेभावाला फोन लावला होता, उचलला नाही. ओटीत असेल.