‘मोबदला’, ‘पारितोषिक’ की ‘प्राप्ती’? स्तरीकरणाच्या कार्यवादी मांडणीतील एका शब्दाविषयी

अमळनेरची अनुवादक : विद्यार्थ्यांसाठी समाजशास्त्राच्या टिपणांचे मराठीकरण करीत असताना एका शब्दापाशी अडले आहे. समाजात वरखाली थर पडणे, म्हणजे स्तरीकरण, हे समाजाच्या गरजेतूनच येते, अशी कार्यवादी मांडणी किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये केली. त्यांच्या मते समाजातील काही पदे इतरांपेक्षा अधिक महत्त्वाची असतात व त्यांना लागणारी गुणवत्ता किंवा प्रशिक्षण थोड्यांपाशीच असते. म्हणून त्या पदांना जास्त ‘रिवॉर्ड’ दिल्याखेरीज योग्य माणसे तिकडे वळणार नाहीत. या ‘रिवॉर्ड’साठी जुन्या टिपणांत ‘पारितोषिक’ आहे, मी ‘मोबदला’ लिहिले, आणि माझ्या सहकाऱ्याने दोन्ही शब्द खोडून ‘प्राप्ती’ केले. कोणता शब्द ठेवावा?

भुसावळचे वाचक : ‘पारितोषिक’ हाच शब्द शुद्ध आहे. शाळेच्या निमंत्रणपत्रिकेत ‘पारितोषिक वितरण समारंभ’ असेच छापतात, ‘मोबदला वितरण’ छापलेले मी तरी पाहिले नाही. मात्र ‘वितरण’ ऐवजी ‘प्रदान’ लिहावे की नाही, हेही कुणी सांगितल्यास बरे होईल.

धुळ्याचे निवृत्त अध्यापक : भाऊ, प्रश्न निमंत्रणपत्रिकेचा नाही. ‘पारितोषिक’ म्हटले की स्पर्धा झाली, सगळे एका रेषेवरून धावले आणि जो पुढे गेला त्याला ते मिळाले, असे चित्र वाचकाच्या मनात आपोआप उभे राहते. डेव्हिस आणि मूर अशा शर्यतीविषयी बोलत नव्हते. पदाला किती मिळते आणि त्या पदापर्यंत कोणता माणूस कसा पोहोचतो, हे दोन प्रश्न त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले होते. शिवाय त्यांच्या मते पदाबरोबर येणारी गोष्ट केवळ पैसा नव्हे. सुखसोयी, विरंगुळा आणि प्रतिष्ठा या तिन्हींचा त्यात समावेश होतो. ‘पगार’ हा शब्द त्यामुळेच अपुरा पडतो.

‘मोबदला’ हा शब्द मला अधिक अडचणीचा वाटतो. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे. म्हणजे तुम्ही काही दिलेत, म्हणून तुम्हाला काही मिळाले. डेव्हिस-मूर यांचे म्हणणेही असेच आहे, की डॉक्टर होणारा तरुण कित्येक वर्षे कमाई सोडून कष्ट व खर्च सोसतो, म्हणून पुढे त्याला जास्त मिळाले पाहिजे. मात्र त्यागाच्या नेमक्या याच युक्तिवादावर समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांनी १९५३ मध्ये बोट ठेवले. तो खर्च बहुधा मुलाने नव्हे, तर आईवडिलांनी केलेला असतो, आणि त्यांना तो करता येतो याचे कारण त्यांच्या स्वतःच्या पदाला आधीच जास्त मिळत असते. शिकण्याच्या काळात बुडालेली कमाई नोकरीच्या पहिल्या दहाएक वर्षांत भरून निघते. त्यानंतरही तफावत आयुष्यभर का टिकावी, याचे उत्तर त्या मांडणीत सापडत नाही. आपण ‘मोबदला’ लिहिले, की ट्यूमिन यांचा आक्षेप वाचण्याआधीच विद्यार्थ्याने डेव्हिस-मूर यांचा निकाल मान्य केलेला असतो.

नंदुरबारचा वाचक : शब्द कोणताही घ्या, सिद्धान्तच चुकीचा आहे. गावात सफाई कामगार आठ दिवस आला नाही तर रोगराई पसरते, म्हणजे त्याचे काम महत्त्वाचे आहे. तरीही त्याला सर्वांत कमी मिळते. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

धुळ्याचे निवृत्त अध्यापक : आपले निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. काम महत्त्वाचे असूनही ते करणारी माणसे सहज मिळत असतील, तर जास्त देण्याची गरज नाही, असे त्याच लेखात म्हटले आहे. त्यामुळे आपल्या उदाहरणाने ती मांडणी मोडत नाही. खरी अडचण पुढे आहे. फरक दुर्मिळतेनेच पडत असेल, तर ‘महत्त्व’ या शब्दाला काम काय उरले? पद किती अनन्य आहे आणि इतर कामे त्याच्यावर किती अवलंबून आहेत, यावरून महत्त्व ओळखावे, असे ते सुचवतात. पण हे मोजायला बसले की हाती फारसे लागत नाही. कारखान्यातील अभियंते आणि अकुशल कामगार यांपैकी कोणाशिवाय कारखाना चालेल, असा प्रश्न ट्यूमिन यांनी विचारला होता. मोजमाप जमत नाही म्हणून ज्याला जास्त मिळते तेच महत्त्वाचे असे धरले, तर तर्क स्वतःभोवती फिरू लागतो.

रावेरचा केळीउत्पादक : मी समाजशास्त्र शिकलेलो नाही, पण सालदाराचा हिशेब सांगतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याचे साल चालते. वडिलांच्या काळी माणसे स्वतः विचारायला येत. आता मीच तीन गावे फिरतो आणि सालाची रक्कम वाढवूनही माणूस मिळेलच असे नाही. केळीला पाणी भरण्याचे काम तेव्हाही तेच होते, आजही तेच आहे. महत्त्व तसूभरही वाढले नाही, फक्त माणसे दुर्मिळ झाली. कापणीच्या दिवशी तर बागेपासून गाडीपर्यंत सगळे घड वाहणाऱ्यावर अवलंबून असते. त्याने घड आपटला, की फळावर काळे डाग पडतात आणि व्यापारी पूर्ण मालाचा भाव पाडतो. तरीही त्या दिवशी त्याला व्यापाऱ्याइतके मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

चोपड्याचा तासिका-अध्यापक : मीही माझे सांगतो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. शेजारच्या वर्गात कायम नोकरीतील प्राध्यापक तोच अभ्यासक्रम शिकवतात; आम्हा दोघांची पात्रता परीक्षाही एकच आहे. त्यांना दरमहा वेतन मिळते, मला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा. पद तेच, महत्त्व तेच, दुर्मिळताही तीच. कार्यवादाने हे समजावून द्यावे.

धुळ्याचे निवृत्त अध्यापक : दादा, उमेदवार पुष्कळ आहेत म्हणून तुम्हाला कमी मिळते, असे कार्यवादी म्हणतील. पण उमेदवार तेच असताना शेजारच्या वर्गात जास्त का मिळते, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. ते नेमणुकीचे नियम आणि मंजूर जागा यांत शोधावे लागेल.

अमळनेरची अनुवादक : सर, मग बलुत्याचा दाखला द्यावा का? तिथेही वाटा कामागणिक ठरलेला होता.

धुळ्याचे निवृत्त अध्यापक : ताई, जपून द्यावा. बलुत्याचा वाटा पदाला होता हे खरे, पण ते पद जन्माने मिळत होते. योग्य माणूस आकर्षित करण्यासाठी तो वाटा नव्हता. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिले होते, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. ट्यूमिन यांचाही असाच एक मुद्दा आहे, की स्तररचना जितकी घट्ट, तितके खालच्या थरातील गुण कमी शोधले जातात. म्हणजे गुणवंत मिळवण्यासाठी म्हणून जी विषमता सांगितली जाते, तीच त्यांना दडवून ठेवते.

अमळनेरची अनुवादक : तर सिद्धान्ताच्या मांडणीत ‘प्राप्ती’ वापरते आणि त्यागाच्या युक्तिवादापाशी मुद्दाम ‘मोबदला’ ठेवते, म्हणजे आक्षेप कुठे लागू पडतो ते दिसेल.

रावेरचा केळीउत्पादक : आमच्याकडे ‘प्राप्ती’ म्हटले की लोकांना प्राप्तिकर आठवतो, ताई. ‘मिळकत’ का नको?

धुळ्याचे निवृत्त अध्यापक : ‘मिळकत’ म्हणजे घर आणि जमीनही होते, त्यामुळे त्यात प्रतिष्ठा कशी बसवावी, हे मला अजून उमगलेले नाही.