टेरवार: एकाच कुंपणातला फरक

> द्राक्षाची जात तीच, गावही तेच, मग वाइन वेगळी का लागते? मातीची चव खरंच उतरते का?

जागेची माती, उतार आणि हवामान यांचा वाइनवर उमटणारा ठसा म्हणजे टेरवार. तो समजायला फ्रान्समधल्या बर्गंडीतला क्लो द वूजो हा मळा बघा. सिस्टर्शियन मठवासीयांनी 12व्या शतकात लावायला घेतलेला, दगडी भिंतीतला सुमारे 50 हेक्टरचा पूर्वाभिमुख उतार. द्राक्ष पिनो न्वार, दर्जा सगळ्याला ग्रां क्रू, म्हणजे बर्गंडीतला सर्वांत वरचा. तरी वरच्या आणि खालच्या टोकाच्या वाइनमध्ये फरक पडतो.

वर चुनखडकावर मातीचा पातळ, खडेमिश्रित थर आहे. पाऊस झाला की पाणी झिरपून जातं, वेलीला थोडा ताण बसतो, मणी लहान राहतात. मण्याच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग, सुगंध आणि तुरटपणा गोळीबंद येतो. खाली रस्त्यालगत जाड चिकणमाती. ती वसंतात उशिरा तापते, पावसाळी वर्षी पाणी धरून ठेवते, मणी फुगतात आणि वाइन पातळ होते. उलट कडक कोरड्या वर्षी हीच चिकणमाती वेलीला तारते आणि वरच्या वेली तहानेने अडतात. म्हणून वर्ष न बघता नुसतं ‘वरचं चांगलं’ म्हणणं मला पटत नाही.

चुनखडीची चव मात्र मुळांतून थेट पेल्यात येत नाही. माती काम करते ती मुख्यतः पाणी आणि उष्णतेमार्फत. शिवाय या मळ्याचे 80च्या आसपास मालक आहेत, त्यामुळे तुलना करायचीच तर एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, दोन शेजारच्या मळ्यांतल्या बाटल्या घ्या. नाहीतर लाकडी पिंपाचा वास आपण मातीच्या नावावर खपवतो.