पेपरबॅक ७.९९ ला ठेवू की ९.९९ ला?

कोरीपाने: इंग्रजीत लिहिलेली माझी पहिली कादंबरी अमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर टाकतेय. २२० पानं, आत काळी छपाई, विक्री मुख्यतः अमेझॉन डॉट कॉमवर. नव्या नावाला वाचक मिळावा म्हणून पेपरबॅक ७.९९ डॉलर आणि ईबुक ०.९९ ठेवायचा विचार आहे. चुकतंय का?

दुपारचा_वाचक: अजिबात नाही. अनोळखी लेखकाचं पुस्तक मी महाग असेल तर उघडूनही बघत नाही. आधी वाचक जमू देत, पैसे नंतर बघता येतील.

शाईचे_डाग: वाचक जमू देत हे ठीक, पण पेपरबॅकचं गणित आधी मांडा. अमेरिकेतल्या साध्या आकाराच्या काळ्या छपाईला एका प्रतीमागे १ डॉलर ठरलेला आणि पानाला १.२ सेंट. २२० पानांचे झाले २.६४, म्हणजे छपाई ३.६४. जून २०२५ पासून ९.९९ च्या खालच्या पेपरबॅकला रॉयल्टी ६० ऐवजी ५० टक्के मिळते. ७.९९ चे निम्मे जेमतेम ४, त्यातून ३.६४ गेले की हातात ३५ सेंट. ९.९८ ला १.३५ आणि ९.९९ ला २.३५. एका सेंटच्या फरकाने डॉलर जातो, त्यामुळे ७.९९ आणि ९.९९ मधल्या किमतींकडे मी तरी बघणार नाही.

गणिती_आजोबा: छपाई आधी वजा करायची ना? ९.९९ मधून ३.६४ गेले की ६.३५, त्याचे ६० टक्के ३.८१. तुम्ही कमी सांगताय.

शाईचे_डाग: नाही आजोबा, टक्के पूर्ण किमतीवर काढतात आणि छपाई त्यानंतर लेखकाच्या वाट्यातून जाते. म्हणून तर पानं वाढली की सगळा भार आपल्यावर. अक्षर किंचित लहान आणि समास नीट बसवून २२० ची १९० झाली, तर प्रतीमागे ३६ सेंट सुटतात. पण वाचताना डोळे मिचकवावे लागतील इतकं दाबू नका.

छापखान्याचा_पोरगा: एवढी डोकेफोड कशाला? ५०० प्रती एकदम छापून घ्या, दर खाली येतो.

कोरीपाने: दादा, मागणीनुसार एकेक प्रत छापली जाते म्हणूनच तर इकडे आले. ५०० प्रती ठेवायला घरात जागा कुठाय!

फोटोवाली: ईबुकबद्दल माझी अक्कलखाती जमा झालेली रक्कम सांगते. माझं फोटोंचं पुस्तक, फाइल १२ एमबी. २.९९ ला ७० टक्के मिळणार म्हणून खूश होते. पण या पर्यायात फाइलच्या दर एमबीमागे १५ सेंट कापतात. १.८० आधी गेले, उरलेल्या १.१९ चे ७० टक्के म्हणजे ८३ सेंट. ३५ टक्क्यांच्या पर्यायात ही कपात नसते, तिथे १.०५ मिळाले असते. नंतर फोटो आकसून फाइल ३ एमबीवर आणली तेव्हा ७० टक्क्यांत १.७८ मिळायला लागले.

शाईचे_डाग: नुसत्या मजकुराची कादंबरी अर्ध्या एमबीत बसते, तिला हा त्रास नाही. तिचा घोळ वेगळाय. ७० टक्के फक्त २.९९ ते ९.९९ मध्ये मिळतात, त्यामुळे ०.९९ ला ३५ टक्केच, म्हणजे ३५ सेंट. २.९९ ला साधारण २.०४. एका प्रतीची कमाई भरून काढायला ०.९९ च्या जवळजवळ सहा विकाव्या लागतील.

दुपारचा_वाचक: सहापट लोक घेतीलही. ०.९९ म्हणजे विचार न करता बटण दाबायची किंमत.

पोथीबाहेर: कायम ०.९९ ठेवण्यापेक्षा कोरीपाने यांनी ईबुक केडीपीच्या सिलेक्ट योजनेत टाकून काउंटडाउन डील लावावी. ठरावीक दिवस ०.९९ ला विकूनही रॉयल्टी ७० टक्क्यांनीच लागते, प्रतीला ६४ सेंट. मात्र सिलेक्टमध्ये आल्यावर किमान ३० दिवस झालेले हवेत, तेवढे दिवस किंमत बदललेली नको, आणि ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही.

फोटोवाली: ते ९० दिवस मला पटत नाहीत. माझे निम्मे वाचक दुसऱ्या दुकानांतले आहेत.

कोरीपाने: माझे अजून कुठलेच नाहीत, त्यामुळे अडकायला हरकत नाही. ईबुक २.९९. पेपरबॅक ९.९९ की १२.९९? १२.९९ ला ४.१५ सुटतात असं आत्ताच काढलं.

शाईचे_डाग: एक्स्पांडेड डिस्ट्रिब्युशन चालू करणार असाल तर १२.९९ च. बाहेरच्या दुकानांतल्या विक्रीवर ४० टक्केच मिळतात. ९.९९ ला छपाई जाऊन ३६ सेंट, १२.९९ ला १.५६. फक्त अमेझॉनवर विकायचं असेल तर मी ९.९९ ने सुरुवात करेन.

दुपारचा_वाचक: १२.९९ ला मी तुमचं पुस्तक घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गणिती_आजोबा: मी घेईन. पण अक्षर मोठं ठेवा, त्या १९० पानांच्या नादी लागू नका.