व्हॉइस नोट आली की लगेच वाटणी?

कारभारी: व्हॉट्सॲपवर ग्राहकाची व्हॉइस नोट आली की मजकूर करायचा, शब्द बघायचे आणि ती त्या त्या विभागाकडे पाठवायची. ‘पैसे परत’ दिसलं की परतावा, ‘बिल’ दिसलं की हिशेब, ‘आलं नाही’ दिसलं की डिलिव्हरी. यात डोकं लावण्यासारखं काय आहे? ज्यांची वाटणी चुकते त्यांचं आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल फडतूस असतं, बस.

कानसेन: मॉडेल कितीही भारी आणा, ही वाटणी फसणार. लोक एका नोटेत बोलत नाहीत, तुकड्यांत बोलतात. चाळीस सेकंदांत आलेल्या या तीन नोटा घ्या:

पहिली: ‘अहो, ते मागवलेलं आलं बरं का.’
दुसरी: ‘पण झाकण तडकलंय. पैसे परत नकोत मला, बदलूनच द्या.’
तिसरी: ‘आणि बिलावर नाव चुकलंय, तेही बघा.’

मजकूर अक्षरशः बिनचूक आहे असं धरा. तुमच्या पद्धतीत पहिली नोट कुठेच बसत नाही. दुसरी परताव्याकडे जाते, आणि नको असलेले पैसे परत करायची तयारी सुरू होते. तिसरी हिशेबाकडे जाते, पण कुठलं बिल ते तिथल्या माणसाला कळत नाही. यात मॉडेलचा काय दोष?

शेवटच्या नोटेनंतर ९० सेकंद थांबा. त्यात आणखी नोट आली तर घड्याळ पुन्हा सुरू करा, पण एकूण पाच मिनिटांपुढे नाही, नाहीतर बोलक्या गिऱ्हाईकाचं काम दुपारपर्यंत उघडणारच नाही. मग सगळ्या नोटा `timestamp` प्रमाणे लावून जोडा. ज्या क्रमाने हातात पडल्या तो क्रम धरू नका: लांब नोटेचा मजकूर व्हायला वेळ लागतो, तोवर मागची छोटी नोट पुढे निघून जाते. जोडल्यावर मुद्दे वेगळे करा. इथे दोन निघतात, बदली आणि बिलावरचं नाव. पण काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा, दुसऱ्या मुद्द्याची फक्त खूण लावा. नाहीतर ग्राहकाला दोन ठिकाणांहून दोन उत्तरं जातात.

घाईत_आहे: ९० सेकंद! तेवढ्यात ग्राहक दुसरीकडे जातो. आणि तुम्ही मूळ रोगच विसरलात, आवाजातला गोंगाट. आधी गोंगाट काढायचं फिल्टर लावा, अर्ध्या चुका तिथेच जातील.

कानसेन: ‘मिळाली, बघतो’ एवढी पोच लगेच पाठवा की, कोण अडवतंय? थांबायचंय ते वाटणीला. आणि फिल्टर जपून. ते जोरात लावलं की बारीक व्यंजनंही कापली जातात, आणि ‘नको’सारखे दोन अक्षरी शब्द आधी बळी पडतात. गोंगाटापेक्षा नोटेच्या शेवटची शांतता वाईट. बोलून झाल्यावर बोट बटणावर राहतं आणि त्या रिकाम्या चार-पाच सेकंदांत व्हिस्परसारखं मॉडेल कधीकधी न बोललेलं वाक्य लिहून मोकळं होतं. ती शांतता आधी कापा.

हिशेबनीस: वाटणी राहू द्या, आमच्याकडे खरी डोकेदुखी ऑर्डर नंबरची आहे. लोक ‘एकोणसाठ’ म्हणतात, मजकुरात ‘एकोणसत्तर’ येतं. कुणी ‘फोर सेवन’ म्हणतं, कुणी ‘सत्तेचाळीस’. नंबर बोलायची सोयच बंद करा, टाइप करायला लावा.

कारभारी: अगदी! चार मिनिटं बोलतात, त्यात नंबर एकदाच, तोही पुटपुटत. टाइप करायला बोटं दुखतात का यांची?

सायली_म: जे टाइप करू शकत नाहीत तेच बोलून पाठवतात, महाशय. त्यांनाच टाइप करा म्हणायचं, मग सोय काढली कुणासाठी? आणि नंबर कानाने ओळखायचाच कशाला? संदेशासोबत `from` मध्ये पाठवणाऱ्याचा फोन नंबर येतो. त्यावरच्या चालू ऑर्डर काढा. एकच निघाली तर बोललेला नंबर बघूच नका. दोन-तीन निघाल्या तर बोललेला नंबर त्यांतल्या कुणाशी जुळतो एवढंच तपासा. ‘एकोणसत्तर’ ऐकू आलं पण यादीत ५९ आणि १२ आहेत, तर घोळ कुठे झाला ते दिसतंच.

हिशेबनीस: आणि मुलाच्या फोनवरून पाठवलं तर? आमच्याकडे निम्मे तसेच असतात.

सायली_म: निम्मे? मोजलेत? बरं, तिथे यादी रिकामी येईल, तेव्हा विचारा. पण तुमच्याच संदेशाला उत्तर म्हणून नोट पाठवली असेल तर `context` मध्ये त्या संदेशाचा आयडी असतो, त्यावरून ऑर्डर सापडते. आधी ते बघा, मग फोन नंबर, मग कान.

हिशेबनीस: मुलाच्या फोनवर खुद्द मुलाचीच ऑर्डर चालू असली की? यादी रिकामी येत नाही, एकच निघते, आणि तुम्ही बोललेला नंबर बघूच नका म्हणता.

सायली_म: हं. हे मात्र खरं. मग एकच निघाली तरी नंबर जुळवा, न जुळल्यास विचारा. ५९-६९ च्या घोळात विनाकारण विचारणं होईल, तेवढं सोसा.

कारभारी: बरं बाबा, ‘नको’ चं मान्य. ‘परत’ च्या मागेपुढे नको, नकोत, नाही आलं की नोट माणसाकडे पाठवतो. ९० सेकंद मात्र थांबणार नाही, ३० थांबेन.

कानसेन: थांबा ३०. तिसरी नोट दुसरीनंतर ३५ सेकंदांनी आली की बिलावरचं नाव पुन्हा एकटंच हिशेबाकडे जाईल.